जन्माची नोंद नाही, फक्त शाळेचा दाखला आहे : निबंधकांना अर्ज कसा लिहायचा



आपल्या होडीवाल्यांच्या घरात चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली कितीतरी माणसं अशी आहेत की त्यांच्या जन्माचा सरकारी कागद कधी झालाच नाही. बाळंतपण घरी, सुईणीच्या हातून. नोंद करायला कुणी गेलं नाही, आणि त्यावाचून काही अडलंही नाही. शाळेत नाव घातलं तेवढीच एक लेखी तारीख. आता जन्मदाखला मागितला की लोक शाळेचा दाखला घेऊन सरळ पुरसभेत जातात आणि "यावर होत नाही" ऐकून परत येतात. का होत नाही आणि मग काय केलं की होतं, ते आज नीट बघू.

आधी एक गोष्ट. जन्मदाखला खरंच लागतो का, हे ज्यांनी मागितलाय त्यांनाच विचारा. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. त्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, लायसन, मतदारयादी, पासपोर्ट अशा कामांसाठी जन्मदाखलाच पुरावा धरला जातो. त्याआधी जन्मलेल्यांवर ही सक्ती नाही. पासपोर्टसाठीसुद्धा जुन्या माणसांचा शाळा सोडल्याचा दाखला चालतो. त्यामुळं "नवीन कायदा आलाय, सगळ्यांना जन्मदाखला काढावा लागतो" असं कुणी सांगितलं तर घाबरून धावपळ करू नका.

शाळेच्या दाखल्याला किंमत नाही असंही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका अपघात भरपाईच्या खटल्यात मयताचं वय शाळेच्या दाखल्यावरून धरलं, आधारवरून नाही. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, असं त्यात सांगितलं. दोन कागदांत फरक थोडाच होता. शाळेप्रमाणं वय ४५, आधारप्रमाणं ४७. पण भरपाई काढताना ज्या आकड्यानं गुणतात तो त्यामुळं १३ चा १४ झाला, म्हणजे घरच्यांना जवळजवळ एका वर्षाच्या कमाईइतका फरक पडला. मच्छीमारांच्या अपघात विम्यातही १८ ते ७० अशी वयाची अट आहे. तिथंही वयाचा कागद बघितला जाणारच. म्हणून शाळेचा मूळ दाखला जपून ठेवा, लॅमिनेशनला टाकू नका, कारण मागची बाजू आणि शिक्का तपासायचा असतो.

तरी काही कामं अशी असतात की जन्मदाखलाच पाहिजे म्हणतात. एक उदाहरण घेऊन पुढं जाऊ. समजा आपले एक होडीमालक आहेत, शिक्षण चौथी. मुलगा परदेशात नोकरीला आहे, आई-वडिलांना तिकडं न्यायचं म्हणतोय आणि तिकडच्या कचेरीनं वडिलांचा जन्मदाखला मागितलाय. त्यांचा जन्म सदलग्यात राहत्या घरी झाला. शाळेच्या रजिस्टरात तारीख १ जून १९७८, शाळेत नाव घातलं ११ जून १९८४ ला. दुसरा कागद नाही.

शाळेचा दाखला निबंधकांच्या टेबलावर ठेवला तरी ते नोंद करू शकत नाहीत, आणि यात त्यांचा आडमुठेपणा नाही. कायद्याच्या कलम १३ मध्ये उशिराच्या नोंदीच्या तीन पायऱ्या आहेत. जन्मानंतर २१ दिवसांत साधी नोंद. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून. ३० दिवस ते एक वर्ष या काळात वरच्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनं. एक वर्ष उलटून गेलं की निबंधकाच्या हातात काही राहत नाही, दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पूर्वी हा आदेश प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टातून घ्यावा लागायचा, म्हणून जुनी माणसं "कोर्टातनं जन्मदाखला काढला" असं सांगतात. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडं आलाय. आपल्या सदलग्यासाठी उपविभागाचं ठिकाण चिकोडी, म्हणजे आपण ज्यांना ए.सी. साहेब म्हणतो त्यांची कचेरी.

मग निबंधकांना अर्ज कशाला, थेट चिकोडीलाच जाऊ, असं वाटेल. तसं होत नाही. ए.सी. कचेरीत पहिला प्रश्न हाच येतो की रजिस्टरात नोंद नाही याचा दाखला कुठाय? कलम १७ प्रमाणं कुणीही रजिस्टरात शोध घ्यायला सांगू शकतो. शोधून नोंद सापडली नाही तर निबंधक "नोंद उपलब्ध नाही" असं प्रमाणपत्र देतात. त्याला नमुना १० म्हणतात. म्हणजे निबंधकांना लिहायच्या अर्जात दोन मागण्या हव्यात. आधी शोध घेऊन नमुना १० द्या, आणि पुढं दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणला की त्याप्रमाणं नोंद करा. "माझ्या शाळेच्या दाखल्यावरून जन्मदाखला द्यावा" एवढंच लिहिलेला अर्ज फाइलला पडून राहतो, कारण त्यावर निबंधकांना करण्यासारखं काहीच नसतं.

काही वेळा नमुना १० वरच काम भागतं. अमेरिकेच्या कायम वास्तव्याच्या अर्जात जुन्या माणसांकडून जन्मदाखला नसेल तर नोंद नसल्याचं प्रमाणपत्र आणि सोबत शाळेचा दाखला वगैरे दुसरा पुरावा घेतात. म्हणून मुलाला फोन करून आधी हे विचारून घ्या. चिकोडीचे हेलपाटे वाचतील.

आता शोध. इथं लोक फसतात ते नावामुळं. अर्जात स्वतःचं नाव लिहितात आणि त्या नावानं शोध होतो, आणि काही सापडत नाही. अहो, १९७८ साली नोंद झालीच असेल तर ती बारशाआधी झाली असेल. रजिस्टरात बाळाच्या नावाचा रकाना मोकळा असतो, फक्त "मुलगा" आणि बापाचं नाव. म्हणून शोध वडिलांच्या आणि आईच्या नावानं मागायचा. आईचं माहेरचं नाव वेगळं असेल तर तेही द्यायचं. आणि एकाच तारखेचा नाही, मागं-पुढं दोन-दोन वर्षांचा मागायचा. आपल्या उदाहरणात १९७६ ते १९८०. शोधाची फी वर्षांच्या हिशोबानं थोडी वाढते, पण तिथं हात आखडू नका.

तशी बिननावाची नोंद सापडली तर प्रकरणच बदलतं. मग उशिराची नोंद नको, ए.सी. साहेबांचा आदेश नको, फक्त नाव दाखल करायचा वेगळा अर्ज कलम १४ खाली करायचा. आणि सापडलेल्या नोंदीत तारीख शाळेपेक्षा वेगळी निघाली, तर शाळेची तारीख धरून दुसरी नवी नोंद करता येत नाही. एका माणसाच्या दोन जन्मनोंदी झाल्या तर पुढं दोन्हीवर संशय येतो.

१९७८ ची रजिस्टरं आज पुरसभेच्या कपाटात असतीलच असं नाही. त्या काळातली गावची नोंद महसूल खात्याकडं गेली असेल तर चिकोडी तहसील कार्यालयातही शोध मागावा लागतो. म्हणून पुरसभेनं दिलेला नमुना १० हातात पडला की त्यात कोणत्या वर्षांची रजिस्टरं तपासली ते लिहिलंय का, हे तिथंच वाचून बघा. "रेकॉर्ड उपलब्ध नाही" आणि "रेकॉर्ड तपासलं, नोंद नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यावर पुढचा अधिकारी हमखास तहसीलला पाठवतो.

याहून मोठा घोळ जागेचा. जन्म जिथं झाला तिथल्याच निबंधकाकडं नोंद होते. आपण राहतो कुठं, रेशनकार्ड कुठलं, याचा संबंध नाही. आणि आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी! सदलग्यातल्या किती जणांची आजोळं दूधगंगेच्या पलीकडं, दत्तवाड, दानवाडला आहेत. पलीकडं म्हणजे शिरोळ तालुका, कोल्हापूर जिल्हा, दुसरं राज्य. शाळेच्या दाखल्यावर मात्र जन्मस्थळ "सदलगा" असतं, कारण गुरुजींनी विचारलंच नाही, गावचं नाव टाकलं. शाळेच्या नोंदीचा जन्मस्थळाचा रकाना यासाठी अगदी कच्चा पुरावा आहे. आई हयात असेल तर तिला विचारा, नाहीतर मामा-मावशीला विचारा, पण विचारल्याशिवाय अर्जात जागा लिहू नका. जन्म दत्तवाडला झाला असेल तर सदलग्याच्या निबंधकांना कितीही सुंदर अर्ज लिहा, तो चुकीच्या दारात गेलेला अर्ज आहे. मिरजेच्या किंवा इचलकरंजीच्या दवाखान्यात जन्म झाला असेल तर तिथल्या महापालिकेत शोध घ्या. दवाखान्यातल्या जन्माची नोंद बहुतेक दवाखान्यानंच केलेली असते, आपल्याला माहीत नसते एवढंच.

पलीकडच्या गावात जन्म असेल तर तहसीलला गाव नमुना १४ चा, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, उतारा मागायचा. गावात झालेले जन्म-मृत्यू त्यात लिहीत असत. महाराष्ट्रात सध्या उशिराच्या नोंदी फार कडकपणे बघतात हेही ध्यानात ठेवा. काही तालुक्यांत संशयास्पद दाखल्यांची चौकशी लागली, आणि मार्च २०२५ मध्ये तिथल्या महसूल खात्यानं अशा अर्जांसाठी नवी कार्यपद्धती घालून दिली. पुराव्याशिवायचा अर्ज तिकडं चालत नाही.

आता येतो शाळेच्या कागदाकडं, कारण आपल्याजवळ तोच एक आहे. शाळा सोडल्याचा दाखला ही नक्कल आहे. मूळ नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरात, ज्या दिवशी नाव घातलं त्या ओळीत असते. सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली बिरदमल सिंघवी खटल्यात सांगितलंय की शाळेच्या रजिस्टरातली तारीख कुणाच्या सांगण्यावरून, कशाच्या आधारे लिहिली हे कळल्याशिवाय तिला पुरावा म्हणून फारसं वजन नाही. आई-वडिलांनी किंवा ज्याला जन्माची खरी माहिती आहे अशा माणसानं सांगितलेली तारीख असेल तर वजन वाढतं. म्हणून पहिल्यांदा ज्या शाळेत नाव घातलं तिथं जाऊन मुख्याध्यापकांकडून जनरल रजिस्टरच्या त्या ओळीचा साक्षांकित उतारा घ्या. रजिस्टर नंबर, प्रवेशाची तारीख, आणि पालक म्हणून कुणाचं नाव, कुणाची सही किंवा अंगठा आहे, हे सगळं त्यात यायला पाहिजे. नंतरच्या शाळेनं पहिल्या शाळेच्या दाखल्यावरून तारीख उतरवलेली असते. तिथला कागद आणला तर एक पायरी मागं जाऊन मूळ आणा म्हणतात.

आणि ती १ जून! आपल्या भागात निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागायची, मग गुरुजी सहा वर्षं मागं मोजून १ जून लिहायचे. आपल्या उदाहरणातल्या होडीमालकांचं बघा. ११ जून १९८४ ला नाव घातलं, त्या दिवशी वय बरोबर सहा वर्षं दहा दिवस. ही तारीख मोजून काढलेली आहे हे अधिकाऱ्याला बघताक्षणी कळतं. त्यात आणखी समजा त्यांच्या थोरल्या बहिणीची शाळेतली तारीख १० नोव्हेंबर १९७७ आहे. दोघांत सात महिन्यांचंसुद्धा अंतर नाही! चौकशीला आलेला माणूस घरातल्या सगळ्यांचे कागद एकत्र बघतो आणि इथंच बोट ठेवतो.

यावर उपाय तारीख बदलून लिहिण्यात नाही. आई म्हणते होळीच्या आधी झाला, म्हणून अर्जात फेब्रुवारी लिहिलं, तर शाळेचा एकमेव पुरावाही हातचा गेला. उपाय असा की जे खरं आहे ते खऱ्या शब्दांत लिहायचं. "माझा जन्म १ जून १९७८ रोजी झाला" असं छातीठोक शपथेवर लिहायचं नाही, तर "शाळेच्या रजिस्टरात माझी जन्मतारीख १ जून १९७८ अशी नोंदलेली आहे, प्रवेशावेळी ती वडिलांनी सांगितली, तीच तारीख मी आजवर सर्व कामांत वापरत आलो आहे" असं लिहायचं. बहिणीच्या तारखेचा फरक लपवायचा नाही. आईच्या जबानीत ती सांगते की थोरली आणि हा यांच्यात साधारण दोन वर्षांचं अंतर, आणि थोरलीची तारीखही शाळेत अंदाजानं लावली. कागद एकटाच असला तरी माणसं असतात. आई, थोरला चुलता, त्या वेळी शेजारी राहणारी म्हातारी, यांची प्रतिज्ञापत्रं त्या कागदाला टेकू देतात. जन्माच्या वेळी स्वतः जाणती असलेली माणसं घ्या. अर्जदारापेक्षा वयानं लहान साक्षीदार आणला तर तो काय बघणार?

अर्जाचा मसुदा खाली देतोय. समजावं म्हणून मराठीत दिलाय. देताना कन्नडमध्ये लिहून द्या, आणि शाळेचा उतारा मराठीत असेल तर त्याचं कन्नड भाषांतरही जोडा, म्हणजे पुढं अडकत नाही.

प्रति,
मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी,
पुरसभा कार्यालय, सदलगा, ता. चिकोडी, जि. बेळगावी

विषय : जन्म नोंदीचा शोध घेऊन नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र (नमुना १०) मिळणेबाबत व कलम १३(३) प्रमाणे उशिराच्या नोंदीबाबत.

महोदय,
मी ______, राहणार ______, सदलगा. माझ्या वडिलांचे नाव ______, आईचे नाव ______ (माहेरचे नाव ______). मी त्यांचे दुसरे अपत्य आहे. माझा जन्म सदलगा येथे ______ गल्लीतील राहत्या घरी झाला. बाळंतपण घरीच झाल्याने दवाखान्याचा कागद नाही. त्या वेळी जन्माची नोंद केल्याची माहिती घरात कोणासही नाही.

माझ्या जन्मतारखेचा एकच लेखी पुरावा आहे. ______ शाळेच्या जनरल रजिस्टर क्र. ______ मध्ये दि. ११ जून १९८४ रोजी माझा प्रवेश झाला असून जन्मतारीख १ जून १९७८ अशी नोंदलेली आहे. ती प्रवेशावेळी माझ्या वडिलांनी सांगितलेली आहे.

तरी विनंती की,
वरील आई-वडिलांच्या नावे, बाळाचे नाव लिहिलेले नसल्यास तशाही नोंदी पाहून, १९७६ ते १९८० या वर्षांच्या जन्म रजिस्टरात शोध घ्यावा. नोंद आढळल्यास तिचा उतारा द्यावा. न आढळल्यास तपासलेली वर्षे नमूद करून नमुना १० द्यावा. सक्षम दंडाधिकाऱ्यांचा आदेश मी सादर केल्यावर त्याप्रमाणे माझ्या जन्माची नोंद करून दाखला द्यावा. नियमाप्रमाणे फी भरण्यास तयार आहे. माझ्या जन्माची नोंद इतरत्र कोठेही केलेली नाही. वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.

सोबत : शाळेच्या जनरल रजिस्टरचा साक्षांकित उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, आईचे प्रतिज्ञापत्र.

दिनांक, सही

या अर्जात "आधार कार्डाप्रमाणे" हे शब्द नाहीत, ते मुद्दाम. आधार ओळखीसाठी सोबत जोडायचं. जन्मतारखेचा पुरावा म्हणून ते पुढं केलं की दोन तारखा भांडायला लागतात.

अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घ्या. खिडकीवर तोंडी "होत नाही" म्हणाले तर शांतपणे सांगा की शोध आणि नमुना १० मागतोय, नोंद आज मागत नाही. एवढ्यानं बहुतेक काम पुढं सरकतं. तरीही नकारच असेल तर तो लेखी मागा. २०२३ च्या दुरुस्तीनं निबंधकाच्या निर्णयावर जिल्हा निबंधकांकडं अपील करता येतं. ३० दिवसांच्या आत करायचं असतं, आणि त्यांनी ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. पण तोंडी नकारावर अपील कशाचं करणार?

नमुना १० मिळाला की तो, वरचेच कागद आणि प्रतिज्ञापत्रं घेऊन चिकोडीला ए.सी. कचेरीत अर्ज. तिथून सहसा तहसीलदारांकडं अहवालासाठी जातो, आणि तलाठी घरी येऊन जबाब घेतो. तो येईल तेव्हा साक्षीदार घरी असू देत. मळीला, कामावर गेले तर तारीख लांबते. जबाबात प्रत्येकानं स्वतःला माहीत आहे तेवढंच सांगावं. तिघांनी पाठ केल्यासारखी एकच तारीख म्हटली तर ऐकणाऱ्याला शंकाच येते. "शाळेत काय लिहिलंय ते मला माहीत नाही, पण याच्या जन्मावेळी मी त्या घरात होते" हे म्हातारीचं वाक्य जास्त कामाचं. खोटी माहिती शपथेवर देणं गुन्हा आहे, आणि एजंट तयार प्रतिज्ञापत्र पुढं करतो तेव्हा सही आपली असते, त्याची नाही.

आदेश झाला की तो घेऊन पुन्हा पुरसभेत यायचं, जन्माचा नमुना १ भरून फी भरायची, मग नोंद आणि दाखला. आदेशातलं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मस्थळ यांचं स्पेलिंग चिकोडीतच वाचून घ्या, कन्नडमध्येही आणि इंग्रजीतही. निबंधक आदेशात आहे तसंच उतरवतात, आणि तिथं "सदलगा"चं काही भलतंच झालं असेल तर दुरुस्तीसाठी परत चिकोडीची एसटी.

ज्यांना शाळेचा उतारा मिळवायला अडचण येते किंवा शाळा बंद पडली आहे त्यांनी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात जुनी रजिस्टरं कुठं जमा केली ते विचारावं. कन्नड अर्ज लिहायला मदत हवी असेल तर सायंकाळी पाचनंतर सोसायटीत या, येताना घरातल्या सगळ्या भावंडांचे शाळेचे दाखले घेऊन या.

— सचिव